निवडणुकीचा खर्च आणि माघारीचा दिवस

आपल्या वाचकांपैकी बरेच जण कुठल्या ना कुठल्या सहकारी संस्थेचे संचालक, सचिव किंवा निदान जागरूक सभासद आहेत. पतसंस्था, ग्राहक भांडार, विविध कार्यकारी सेवा सोसायटी अशा संस्थांच्या संचालक मंडळाची मुदत पाच वर्षांची असते. ती संपत आली की एक प्रश्न सभेत हमखास येतो आणि त्याचे उत्तर बहुधा अंदाजानेच दिले जाते. तो प्रश्न असा : निवडणुकीला खर्च किती धरायचा? ‘मागच्या वेळी लाखभर लागले होते, यंदा दीड लाख धरा’ असे कोणी तरी म्हणतो, टिपणीत तेवढी ओळ येते आणि विषय संपतो. मागच्या वेळी लाख रुपये का लागले, हे मात्र कोणी पाहत नाही. या वेळच्या सदरात हिंगोली जिल्ह्यातील एका पतसंस्थेचा नमुना घेऊन तो हिशेब सावकाश मांडावयाचा आहे.

आधी चौकट स्पष्ट करू. ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात बदल झाले. सहकारी संस्थांच्या निवडणुका घेण्याचे काम राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाकडे आले आणि २०१४ मध्ये समितीच्या निवडणुकीचे नवे नियम लागू झाले. पुण्याच्या प्राधिकरणाखाली जिल्हा सहकारी निवडणूक अधिकारी, त्याखाली तालुका स्तरावरील अधिकारी आणि प्रत्यक्ष निवडणुकीसाठी निवडणूक निर्णय अधिकारी अशी ही रचना आहे. मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी समितीने प्राधिकरणाला कळवावे, अशी अपेक्षा आहे. निवडणूक घेणारी यंत्रणा संस्थेबाहेरची आहे, खर्च मात्र संस्थेचाच आहे. यातूनच अंदाजपत्रकाचा पहिला पेच निर्माण होतो. पैसे आपले असले, तरी खर्चाचे बरेचसे निर्णय आपण घेत नाही. मानधनाचे दर, भरावयाची आगाऊ रक्कम आणि कर्मचाऱ्यांची संख्या ही अधिकारी ठरवितात. संस्थेच्या हाती उरते ते तीन गोष्टींत : मतदार यादी किती शुद्ध आहे, केंद्रांची मांडणी कशी सुचवायची, आणि हिशेब कोणत्या टप्प्यांत ठेवायचा.

आता नमुना घेऊ. ही संस्था कल्पित आहे आणि पुढचे सर्व दर हिशेबासाठी धरलेले आहेत. आपल्या गावचे दर वेगळे असतील, तेव्हा रकमेपेक्षा रीत पाहावी. संस्थेचे मुख्य कार्यालय वसमतला आणि शाखा कळमनुरीला आहे. सभासद नोंदवहीत २,१०० नावे आहेत. संचालकांच्या जागा १३ : सर्वसाधारण ८, महिला राखीव २, आणि अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, तसेच भटक्या-विमुक्त व विशेष मागास प्रवर्ग यांच्या प्रत्येकी एक.

पहिले काम मतदार यादीचे आहे. नोंदवहीतील प्रत्येक नाव मतदाराचे नसते. काही सभासद दिवंगत झालेले असतात, काहींचे नाव दोनदा आलेले असते, काहींना सभासद होऊन दोन वर्षे झालेली नसतात, म्हणून त्यांना मताधिकार मिळत नाही. आपल्या नमुन्यात अशी २८० नावे वगळून १,८२० मतदार उरतात. जिवंत सभासदाचे नाव सोयीसाठी कोणी काढू शकत नाही. मृत्यूची खातरजमा, वारसाची नोंद आणि समितीचा ठराव ही कामे प्रारूप यादी तयार होण्याच्या आधीच्या काळात शांतपणे उरकावी लागतात. यादी प्रसिद्ध झाल्यावर घाईने केलेली दुरुस्ती हरकतींना आमंत्रण देते. यादीचा प्रत्यक्ष खर्च थोडाच असतो. एका पानावर चाळीस नावे घेतली तर ४६ पाने होतात. प्रारूप आणि अंतिम यादीच्या मिळून एकवीस प्रती, शिवाय नावांचे टंकन व पडताळणी धरून हे सारे ७,४०० रुपयांत बसते. पण न गाळलेल्या २८० नावांचा खरा खर्च इथे दिसत नाही. तो मतदान केंद्राच्या हिशेबात दिसतो, तिकडे लवकरच येऊ.

नोटिसांचा खर्च समजून घेण्यासाठी कार्यक्रमाचा क्रम डोळ्यांसमोर हवा. अंतिम मतदार यादीनंतर निवडणूक कार्यक्रम जाहीर होतो. नामनिर्देशन पत्रे घेण्यासाठी साधारण पाच दिवस, मग छाननी, मग वैध उमेदवारांची यादी. त्यानंतर माघारीसाठी पंधरा दिवस असतात. माघारीनंतर चिन्हवाटप आणि त्यानंतर सात ते पंधरा दिवसांत मतदान. यातील प्रत्येक पायरीला सूचनाफलकावर काही ना काही लावावे लागते, पण फलकावरील कागद स्वस्त असतो. महाग असते ती वर्तमानपत्रातील जाहिरात. ती कोणत्या पायरीला आणि किती वर्तमानपत्रांत द्यावयाची, हे निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना आरंभीच विचारून घ्यावे. नमुन्यात दोन वर्तमानपत्रांसह नोटिसांचे १४,५०० रुपये धरले आहेत. मुद्रितशोधन इथे फार महत्त्वाचे आहे. जाहिरातीत तारखेचा एक आकडा चुकला तर शुद्धिपत्र, दुसरी जाहिरात आणि एखाद्या हरकतीचा अर्ज असे तिन्ही एकदम पदरी पडतात.

या सर्व क्रमात माघारीचा शेवटचा दिवस हा खर्चाचा उंबरठा आहे. त्या दिवशी दुपारी माघारीची वेळ संपली की चित्र स्पष्ट होते. एखाद्या प्रवर्गात जागांइतकेच उमेदवार उरले तर तो प्रवर्ग बिनविरोध होतो, त्याची मतपत्रिका छापावी लागत नाही. सर्वच प्रवर्ग बिनविरोध झाले तर मतदान होत नाही. म्हणून अंदाजपत्रक एका रकमेचे नसावे, तीन टप्प्यांचे असावे : माघारीपर्यंतचा खर्च, मतदानाचा खर्च आणि मतमोजणीचा खर्च. आपल्या नमुन्यात पहिल्या टप्प्यात यादीचे ७,४००, नोटिसांचे १४,५००, निवडणूक निर्णय अधिकारी व त्यांच्या सहायकांच्या मानधनापैकी १८,००० आणि चार फेऱ्यांच्या वाहनाचे ६,००० असे एकूण ४५,९०० रुपये येतात. निवडणूक बिनविरोध झाली तरी हे पैसे जाणारच. पुढचे दोन टप्पे मात्र लढतीवर अवलंबून आहेत.

समजा, आपल्या संस्थेत अनुसूचित जाती-जमातीची जागा बिनविरोध झाली आणि उरलेल्या चार प्रवर्गांत दोन पॅनेल समोरासमोर उभे राहिले. प्रत्येक मतदाराला चार निरनिराळ्या रंगांच्या मतपत्रिका द्याव्या लागतील. १,८२० मतदारांवर पाच टक्के जादा धरून पन्नासच्या पुस्तिकांत मोजले तर प्रत्येक प्रवर्गाच्या १,९५० पत्रिका लागतात, म्हणजे एकूण ७,८००. सर्वसाधारण प्रवर्गाची पत्रिका लांब असते, तिचा दर चार रुपये आणि उरलेल्यांचा अडीच रुपये धरला तर छपाई सुमारे २२,४०० रुपयांची होते. चिन्हवाटप आणि मतदान यांत कमीत कमी सात दिवसच असू शकतात, त्यात रविवार आणि सुटी आलीच. छापखान्याशी दर व वेळ हे माघारीच्या आधीच ठरवून ठेवावेत, कामाचा आदेश मात्र माघारीनंतरच द्यावा. छापण्यापूर्वीच्या नमुन्यावर प्रत्येक नावासमोर योग्य चिन्ह आहे का, हे निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी स्वाक्षरीनिशी तपासले पाहिजे. स्थळप्रतीवरील अनुक्रमांकही सलग असले पाहिजेत. मतदानानंतर न वापरलेल्या पत्रिकांचा मेळ त्याच अनुक्रमांकांवर बसतो.

आता केंद्रांची संख्या. ही बहुधा ‘मागच्या वेळी तीन होती’ अशी ठरते. ती वेळेच्या हिशेबाने ठरवावी. मतदान सकाळी आठ ते दुपारी चार, म्हणजे ४८० मिनिटे. आपल्या मतदाराला आठ, दोन, एक आणि एक असे बारा शिक्के मारावयाचे आहेत आणि चार पत्रिका घडी घालावयाच्या आहेत. वयस्कर सभासदांचा विचार करता मतदान कक्षात त्याला तीन मिनिटे लागतात असे धरू. एका कक्षातून दिवसभरात १६० मतदार जातात, एका केंद्रावर तीन कक्ष ठेवले तर ४८०. वसमतकडे १,२१० मतदार आहेत आणि कळमनुरीकडे ६१०. मतदान सत्तर टक्के होईल असे मानले तर वसमतला ८४७ आणि कळमनुरीला ४२७ मतदार येतील. म्हणजे वसमतला दोन केंद्रे आणि कळमनुरीला एक, अशा तीन केंद्रांत १,४४० मतदारांची सोय होते आणि येणार १,२७४. रांग लागेल, पण चार वाजेपर्यंत संपेल.

यादी शुद्ध केली नसती तर? २,१०० चे सत्तर टक्के १,४७० होतात. कागदावर तीन केंद्रे अपुरी ठरतात आणि चौथे केंद्र मंजूर होते. त्या केंद्रावर केंद्राध्यक्ष, चार मतदान अधिकारी, शिपाई, मंडप आणि चित्रीकरण धरून बारा-तेरा हजार रुपये जातात. जे मतदार कधीच येणार नाहीत त्यांच्यासाठी उभे केलेले केंद्र, असे त्याचे वर्णन करावे लागेल! याउलट कक्ष वाढविणे स्वस्त आहे. पुठ्ठ्याचा एक आडोसा दीडशे रुपयांत होतो, एक केंद्र वाढले की माणसे वाढतात. म्हणून मतदार यादी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे देताना केंद्रांच्या संख्येबरोबर कक्षांची संख्याही लेखी सुचवावी.

केंद्रावरील कर्मचारी अनावश्यक वाटतात, पण प्रत्येकाला काम असते. पहिला अधिकारी ओळख पाहून यादीत खूण करतो, दुसरा बोटाला शाई लावून स्वाक्षरी घेतो, तिसरा आणि चौथा मतपत्रिका देतात. पत्रिकेच्या मागे अधिकाऱ्याची स्वाक्षरी राहिली तर मोजणीत ती बाद ठरण्याचा वाद उद्भवतो. गर्दीच्या वेळी नेमके हेच राहून जाते. तीन केंद्रांचे कर्मचारी आणि थोडे राखीव मिळून २१,८०० रुपये होतात. त्यात छपाईचे २२,४००, पेट्या, लाख, कुलपे, शिक्के व कक्षांचे ९,०००, जागा, मंडप व चहापाण्याचे १२,०००, चित्रीकरणाचे ७,५००, बंदोबस्तासाठी १०,००० आणि वाहनांचे १०,००० मिळविले की दुसरा टप्पा ९२,७०० रुपयांचा होतो. मतपेट्या शेजारच्या संस्थेकडून किंवा शासकीय कार्यालयाकडून मिळतात का, हे आधी विचारावे. मिळाल्या तर हा आकडा खाली येईल.

इथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. समजा चारऐवजी केवळ महिलांच्या दोन जागांसाठी लढत झाली, तर खर्च चौथाईवर येतो असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. छपाईत १७,५०० रुपये वाचतात, प्रत्येक केंद्रावर दोन अधिकारी कमी होऊन ६,००० वाचतात, मोजणीत आणखी ६,००० च्या आसपास. बाकी मंडप, वाहन, बंदोबस्त, पेट्या आणि चित्रीकरण जवळपास तेवढेच राहते. दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्याच्या सव्वा लाखांतून जेमतेम तीस हजार उणे होतात. ‘एका जागेसाठी संस्थेला लाखाचा भुर्दंड’ हे वाक्य माघारीच्या पंधरवड्यात उमेदवारांच्या घरी जाऊन ऐकविले जाते, ते यामुळेच. हिशेब म्हणून ते फारसे चुकीचे नाही. पण निवडणूक लढविण्याचा सभासदाचा हक्क त्या लाखाच्या तराजूत घालू नये असे माझे मत आहे. तरतूद दरवर्षी थोडी थोडी केलेली असेल तर असा दबाव आणण्याचे कारणच उरत नाही.

मतमोजणीकडे अंदाजपत्रक करणाऱ्याचे सर्वांत कमी लक्ष असते. एका जागेच्या निवडणुकीत उमेदवारनिहाय गठ्ठे बांधून मोजता येते. आठ जागांच्या पत्रिकेवर आठ जणांना मते असतात, गठ्ठा बांधायचा तरी कोणाचा? म्हणून प्रत्यक्षात आधी एकाच पॅनेलला सरसकट मत दिलेल्या पत्रिका वेगळ्या काढून त्यांचे पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे करतात. उरलेल्या, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘फुटलेल्या’ पत्रिका एकेक उघडून नावे पुकारावी लागतात आणि तक्त्यावर खुणा कराव्या लागतात. जागांपेक्षा जास्त शिक्के असलेल्या पत्रिका अवैध म्हणून बाजूला ठेवायच्या असतात. १,२७४ पैकी निम्म्या फुटलेल्या धरल्या तर ६३७ पत्रिका होतात. एका टेबलावर मिनिटाला एक पत्रिका या गतीने तीन टेबलांवर साडेतीन तास जातात, तेही केवळ सर्वसाधारण प्रवर्गासाठी. मेळ, इतर तीन प्रवर्ग आणि एखादी फेरमोजणीची मागणी धरली तर सकाळी बसलेली माणसे दिवेलागणीला उठतात. वीज गेली तर काय, याचे उत्तर तयार हवे, म्हणून जनित्राचे भाडे मोजणीच्या दिवसात धरावे. टेबलावरचे कर्मचारी व संकलनाचा प्रमुख मिळून १०,५००, जागा व वीज ८,०००, चित्रीकरण २,५०० आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या मानधनाचा उरलेला भाग १०,००० असे ३१,००० रुपये. एका टेबलाचे तीन हजार वाचविण्यासाठी मोजणी मध्यरात्रीपर्यंत नेणे मला शहाणपणाचे वाटत नाही. दमलेल्या हाताने तक्त्यावर एक खूण जास्त पडते आणि दोन मतांनी हरलेल्या उमेदवाराला तेवढेच पुरते.

तीन टप्प्यांची बेरीज १,६९,६०० रुपये झाली. दहा टक्के आकस्मिक खर्च धरला तर १,८६,५६०, म्हणजे प्रत्येक मतदारामागे सुमारे १०२ रुपये. दहा टक्के हा आकडा चैनीचा नाही. कोविडच्या काळात निवडणुका थांबल्या, पुढे २०२२ आणि २०२३ मध्ये पावसाळ्यामुळे राज्य शासनाने अनेक संस्थांच्या निवडणुका पुढे ढकलल्या. कार्यक्रम जिथे थांबला तिथूनच तो पुन्हा सुरू झाला तरी जाहिरात पुन्हा द्यावी लागते आणि जुनी तारीख छापलेला कागद वाया जातो. मुदत जून ते सप्टेंबरात संपणाऱ्या संस्थांनी हा धोका गृहीत धरावा. तारीख ठरविण्याचा अधिकार आपला नसला, तरी अडचण आधी लेखी कळविता येते. वसमतच्या बाजारात हळदीची आवक ऐन भरात असताना किंवा पर्युषणाच्या दिवसांत मतदान आले तर सत्तर टक्क्यांचे गणित कोलमडते.

हिशेबात ही रक्कम कशी दाखवायची? दरवर्षी ३७-३८ हजारांची तरतूद निवडणूक खर्च म्हणून केली तर पाच वर्षांत रक्कम उभी राहते आणि एकाच वर्षाच्या नफ्यावर भार येत नाही. जिल्हा सहकारी निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितलेली आगाऊ रक्कम भरली, की ती लगेच खर्ची टाकू नये. ती येणे बाजूस अनामत म्हणून दाखवावी. निवडणूक झाल्यावर खर्चाच्या पावत्यांसह हिशेब मागावा, खर्च तेवढा नावे लिहावा आणि उरलेली रक्कम परत मागावी. बिनविरोध झालेल्या संस्थांत ही उरलेली रक्कम मोठी असते आणि तीच मागायची राहून जाते. नवे संचालक जुन्या मंडळाच्या काळातला भरणा पाहत नाहीत, लेखापरीक्षकाच्या शेऱ्यात ती रक्कम तीन-तीन वर्षे तशीच दिसत राहते. म्हणून माघारीच्या दुसऱ्या दिवशी कोणता टप्पा लागू झाला हे नोंदवून ठेवावे आणि परताव्याचे पत्र त्याच आठवड्यात लिहावे.

निकालानंतरही दोन खर्च उरतात. नव्या समितीची अध्यक्ष-उपाध्यक्ष निवडीची सभा बोलावली जाते, तिची नोटीस, अधिकाऱ्यांची एक फेरी आणि सभेचा खर्च आकस्मिक रकमेतून भागतो. दुसरा खर्च कपाटाचा. निकालाविरुद्ध सहकार न्यायालयात दाद मागण्यासाठी निकाल जाहीर झाल्यापासून ठराविक मुदत असते. मोजलेल्या पत्रिकांची मोहोरबंद पाकिटे कोणाच्या ताब्यात राहणार हे निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडून लेखी घ्यावे. ती संस्थेकडे आली तर कुलपाचे कपाट, किल्लीची नोंद आणि ताबा घेणाऱ्याची सही यांची व्यवस्था त्याच दिवशी करावी.